स्टॅबिलायझर दर तीन मिनिटांनी कट होतो, फ्रीज गार होत नाही: दोष कुठे शोधायचा आणि लेबल कसं वाचायचं

लक्षण ओळखीचं आहे. दिवसा फ्रीज ठीक चालतो. संध्याकाळी दिवे लागले की स्टॅबिलायझरमधून ‘टक’ असा आवाज येतो, लो व्होल्टेजचा दिवा लागतो, मग डिलेचा दिवा लुकलुकायला लागतो. तीन मिनिटांनी पुन्हा ‘टक’, फ्रीज क्षणभर घुमतो आणि परत सगळं बंद. रात्री उशिरापर्यंत हेच चक्र चालू राहतं आणि सकाळी फ्रीजरमधल्या बर्फाचं पाणी झालेलं असतं.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक निष्कर्ष काढतात: स्टॅबिलायझर बिघडला, किंवा त्याची रेंज कमी पडते, ९० व्होल्टवाला आणायला हवा. दोन्ही शक्य आहेत, पण आधी काही मोजमापं घ्यावीत. स्टॅबिलायझर त्याच्या लेबलवर लिहिलंय तसंच वागत असतो आणि दोष तिसरीकडेच असतो, असं बऱ्याचदा निघतं.

आधी आवाज कुठून येतो ते ऐका

‘टक’ तीन ठिकाणांहून येऊ शकतो आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे.

स्टॅबिलायझरमध्ये टक-टक होते, पण फ्रीज चालूच राहतो आणि आतला दिवाही विझत नाही. याचा अर्थ रिले, म्हणजे आतला आपोआप चालणारा स्विच, फक्त टॅप, म्हणजे व्होल्टेजची पायरी, बदलतो आहे. व्होल्टेज बरोबर टॅप बदलण्याच्या सीमेवर घुटमळत असेल तर हे तासभरही चालतं. त्रासदायक आहे, रिलेचे कॉन्टॅक्टही लवकर झिजतात, पण कट होण्याचा हा प्रकार नव्हे.

दुसरा प्रकार: आवाज फ्रीजच्या मागून, खाली कॉम्प्रेसरपाशी येतो. कॉम्प्रेसर काही सेकंद घुं-घुं करतो, मग ‘टक’ होऊन गप्प बसतो, पण स्टॅबिलायझरचा आउटपुट चालू असतो. हा कॉम्प्रेसरवर बसवलेला ओव्हरलोड प्रोटेक्टर आहे. कॉम्प्रेसर फिरला नाही म्हणून त्याने वीज तोडली. घुं-घुं चालू असताना आउटपुटला २०० व्होल्टच्या वर मिळत असतील, तर स्टॅबिलायझरला दोष देऊ नका. स्टार्टिंग रिले किंवा कॉम्प्रेसर तपासून घ्या.

तिसरा प्रकार म्हणजे वर सांगितलेला: कॉम्प्रेसर सुरू व्हायला जातो, त्याच क्षणी स्टॅबिलायझर ‘लो’ दाखवून आउटपुट पूर्ण तोडतो आणि डिले मोजायला लागतो. पुढचं सगळं याच प्रकाराबद्दल आहे.

लेबलवरचे आकडे काय सांगतात

एक नमुना घेऊ. लेबलवर असं छापलेलं आहे: वर्किंग रेंज १३५ ते २९० व्होल्ट, आउटपुट २०० ते २४० व्होल्ट, लो कट १३०, क्षमता ५०० व्हीए, टाइम डिले ३ मिनिटं, एकदाराच्या फ्रीजसाठी.

वर्किंग रेंज म्हणजे इनपुटचं व्होल्टेज. ते १३५ ते २९० च्या आत असेल तरच स्टॅबिलायझर आउटपुट २०० ते २४० च्या पट्ट्यात ठेवण्याची हमी देतो. आउटपुट सतत २३० राहील अशी अपेक्षा धरू नका. रिलेवर चालणाऱ्या स्टॅबिलायझरमध्ये ऑटोट्रान्सफॉर्मरला, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या कॉइलला, ठरावीक टॅप असतात, त्यामुळे आउटपुट पायरीपायरीने बदलतं. फ्रीजला तेवढं पुरतं.

लो कट हा वेगळा आकडा आहे, आणि या तक्रारीचं मूळ त्यातच आहे. इनपुट १३० च्या खाली गेलं की स्टॅबिलायझर आउटपुट तोडतो. हा बिघाड नव्हे, मुद्दाम ठेवलेलं संरक्षण आहे. कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसरची मोटर फिरत नाही, पण मोठा करंट ओढत गरम होत राहते. कॉइल जळण्यापेक्षा फ्रीज बंद राहिलेला परवडला. कट झाल्यावर पुन्हा जोडणी व्हायला व्होल्टेज १३० च्या थोडं वर जावं लागतं, आणि त्यानंतर डिले सुरू होतो.

तीन मिनिटांचा डिलेही कारणाशिवाय नाही. कॉम्प्रेसर बंद पडला की एका बाजूला गॅसचा दाब जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असा राहतो. तो समान व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी वीज दिली तर मोटरला भरलेल्या दाबाविरुद्ध सुरुवात करावी लागते आणि ती अडकते. म्हणूनच टीव्हीचा स्टॅबिलायझर फ्रीजला लावू नये. व्होल्टेज तो सुधारेल, पण डिले फ्रीजला हवा तेवढा नसेल.

कट नेमका का होतो: एक हिशोब

आता तक्रारीकडे येऊ. संध्याकाळी फ्रीजच्या प्लग पॉइंटला मल्टीमीटर लावला तर १५२ व्होल्ट दिसतात. लो कट तर १३० चा आहे. मधे २२ व्होल्टची सवड असताना कट का होतो?

कारण १५२ हा आकडा फ्रीज बंद असतानाचा आहे. कॉम्प्रेसर सुरू होताना साधारण अर्धा सेकंद तो नेहमीच्या करंटच्या पाच ते आठ पट करंट ओढतो. नमुन्यातला फ्रीज चालू असताना ०.९ अँपिअर घेतो आणि पूर्ण २३० व्होल्टवर सुरू होताना ७ अँपिअर घेतो, असं धरू. स्टॅबिलायझर १५२ ला दीडपटीच्या जरा खाली, १.४५ पटीने वर उचलतो आहे. व्होल्टेज जेवढ्या पटीने वर जातं, तेवढ्याच पटीने इनपुटचा करंट वाढतो. हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही. बाहेर जास्त व्होल्ट द्यायचे म्हणजे आत जास्त अँपिअर ओढायचे.

हा वाढलेला करंट भिंतीतल्या वायरमधून येतो, आणि वायरला स्वतःचा रोध असतो. मीटरपासून प्लगपर्यंतच्या जोडण्या धरून आणि बाहेरच्या लाइनसकट तो रोध ३.२ ओहम असेल, तर व्होल्टेज खचल्यामुळे फ्रीजचा करंट ७ ऐवजी साडेपाचच्या आसपास राहिला तरी सुरुवातीच्या त्या अर्ध्या सेकंदात इनपुटला सुमारे ८ अँपिअर जातात आणि २६ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. स्टॅबिलायझरपाशी उरतात १२६. लो कट १३० चा, म्हणजे कट. कॉम्प्रेसर सुटल्यावर करंट थांबतो, व्होल्टेज परत १५२ होतं, डिले सुरू होतो, आणि तीन मिनिटांनी पहिले पाढे पंचावन्न.

तोच कॉम्प्रेसर एकदा फिरायला लागला असता तर इनपुटला जेमतेम १.३ अँपिअर लागले असते, वाटेत ४ व्होल्ट गेले असते आणि रात्रभर १४८ व्होल्टवर तो विनातक्रार चालला असता. अडचण फक्त सुरुवातीची आहे. काही स्टॅबिलायझरचं सर्किट कट करण्याआधी क्षणभर थांबतं आणि हा खड्डा पचवतं, काही लगेच तोडतात. लेबलवर ते बहुतेक लिहिलेलं नसतं. एकाच घरात एक स्टॅबिलायझर चालतो आणि त्याच रेंजचा दुसरा अडतो, त्याचं कारण बरेचदा हेच असतं.

इस्त्रीने वायरिंग तपासा

अर्ध्या सेकंदाचा खड्डा साध्या मल्टीमीटरवर धड दिसत नाही, आकडा स्थिर व्हायच्या आत सगळं उरकतं. मिनिमम पकडून ठेवणारा मीटर असेल तर उत्तम. नसेल तर १००० वॅटची साधी इस्त्री जास्त उपयोगी. तिचा करंट स्थिर असतो, त्यामुळे आकडे शांतपणे वाचता येतात.

फ्रीज आणि स्टॅबिलायझर काढून ठेवा. मीटर एसी व्होल्टवर, ६०० किंवा ७५० च्या रेंजला ठेवा. तक्रारीच्या वेळीच, म्हणजे संध्याकाळी, फ्रीजच्या पॉइंटचं व्होल्टेज बघा: १५२. मग त्याच पॉइंटवर शेजारच्या सॉकेटमध्ये इस्त्री लावा, थर्मोस्टॅट पूर्ण वर ठेवा म्हणजे लवकर बंद होणार नाही, आणि पुन्हा बघा: १४३.४. म्हणजे ८.६ व्होल्ट पडले. इस्त्री या व्होल्टेजला सुमारे २.७ अँपिअर घेते. ८.६ ला २.७ ने भागलं की ३.२ ओहम आले.

आता हा रोध घरात आहे की घराबाहेर, ते शोधायचं. त्यासाठी मेन बोर्ड उघडायची गरज नाही. इस्त्री फ्रीजच्या पॉइंटवर चालूच ठेवा आणि मीटर मेन बोर्डाजवळच्या, दुसऱ्या सर्किटवरच्या सॉकेटला लावा. त्या सर्किटच्या वायरमधून काहीच करंट जात नसल्यामुळे तिथे मेन बोर्डाचंच व्होल्टेज दिसतं. थ्री-फेज जोडणी असेल तर सॉकेट त्याच फेजवरचं हवं, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. इथे १५२ चे १५० झाले, म्हणजे २ व्होल्ट पडले, असं दिसलं तर बाहेरच्या लाइनचा वाटा फक्त पाऊण ओहमच्या आसपास आहे. उरलेले अडीच ओहम मेन बोर्ड ते फ्रीज या टप्प्यात, म्हणजे घरातच आहेत.

अडीच ओहम एवढा रोध नुसत्या वायरचा असू शकतो का? तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर वायरचा रोध मीटरला साधारण ०.०१८ ओहम. बोर्डापासून फ्रीजपर्यंत २५ मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन ५० मीटर वायर होते, रोध ०.९ ओहम. मग राहिलेले दीड ओहम एखाद्या सैल जोडात आहेत: स्विचच्या स्क्रूखाली, जंक्शन बॉक्समधल्या पिळलेल्या वायरींत, न्यूट्रलच्या पट्टीवर, किंवा एक्स्टेंशन बोर्डाच्या पिनेत. फ्रीज एक्स्टेंशनवर असेल तर आधी तोच काढून मोजणी पुन्हा करा.

दीड ओहम ऐकायला किरकोळ वाटतात. पण त्या जोडातून ८ अँपिअर गेले की तिथे सुमारे १०० वॅट उष्णता तयार होते, तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. कॉम्प्रेसर सुरू होताना ती अर्धाच सेकंद असते, पण तोच पॉइंट दुसऱ्या कशाला वापरला तर सतत. सॉकेटची एक पिन काळी पडलेली, प्लॅस्टिक पिवळं झालेलं, किंवा इस्त्री दहा मिनिटं चालल्यावर स्विच हाताला गरम लागतो, या तिन्ही खुणा त्याच जोडाकडे बोट दाखवतात. गरम लागला तर तिथेच थांबा, मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. जोड उघडणं हे मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून करायचं काम आहे.

दुरुस्तीनंतर आकडे कसे बदलतात

फक्त सैल जोड नीट केला, तर एकूण रोध ३.२ वरून १.६ च्या आसपास येतो. मग कॉम्प्रेसर सुरू होताना स्टॅबिलायझरपाशी १२६ ऐवजी १३७ व्होल्ट राहतात. लो कट १३० चा, त्यामुळे फ्रीज सुरू होतो. तोच स्टॅबिलायझर, तीच रेंज.

पण हे काठावरचं आहे. एखाद्या संध्याकाळी व्होल्टेज १५२ ऐवजी १४५ असेल, तर सुरुवातीला १३१ च उरतात. म्हणून जमत असेल तर फ्रीजपर्यंतची लाइन २.५ चौरस मिलिमीटरची, मधे कुठेही जोड नसलेली टाकावी. घरातला रोध ०.४ ओहमच्या खाली येतो आणि १४५ च्या संध्याकाळीही सुरुवातीला १३५ मिळतात. वाइड रेंजच्या नव्या स्टॅबिलायझरपेक्षा हे काम आधी करावं, असं स्पष्ट मत आहे. कारण वाइड रेंजवाला १२६ ला कट होणार नाही, फ्रीज सुरू होईल, तक्रार मिटल्यासारखी वाटेल आणि सैल जोड भिंतीत तापतच राहील.

९० ते २९० खरोखर कधी लागतो

मोजणीत बोर्डापाशीच मोठी घसरण दिसली, किंवा फ्रीज बंद असतानाच पॉइंटला १३५ च्या खाली व्होल्ट मिळत असतील, तर दोष घरातल्या वायरिंगचा नाही. तेव्हा वीजपुरवठा करणाऱ्यांकडे तक्रार करावी, आणि तोवर ९० ते २९० रेंजचा स्टॅबिलायझर हे योग्य उत्तर आहे. तो घेताना एक गोष्ट विचारून घ्या: सर्वांत कमी इनपुटला आउटपुट किती अँपिअर मिळतो? अनेक मॉडेलची छापलेली क्षमता चांगल्या व्होल्टेजची असते आणि ९०-१०० व्होल्टला ती बरीच उतरते. शिवाय ९० चे २०० करायचे म्हणजे इनपुटला आउटपुटच्या दुपटीहून जास्त करंट. फ्रीजचे ०.९ अँपिअर तिथे २ होतात, सुरुवातीचे तर पंधराच्या घरात जाऊ शकतात. अशा ठिकाणी पातळ वायर अजिबात चालत नाही.

क्षमता: लिटर नव्हे, अँपिअर बघा

‘३०० लिटरपर्यंत’ असं लेबलवर असतं, तो अंदाज आहे. खरा आकडा फ्रीजच्या आत किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवर असतो: रेटेड करंट. ५०० व्हीए म्हणजे २३० व्होल्टला सुमारे २.२ अँपिअर. फ्रीजचा ०.९ असेल तर हा दुपटीहून जास्त आहे, पुरे. साधा नियम असा की स्टॅबिलायझरचा अँपिअर फ्रीजच्या रेटेड करंटच्या निदान दुप्पट असावा, म्हणजे सुरुवातीच्या झटक्याने रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटत नाहीत. पट्टीवर नुसते वॅट असतील तर त्यांना थेट व्हीए समजू नका. साध्या कॉम्प्रेसरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे वॅटचं व्हीएशी गुणोत्तर, ०.६ च्या आसपास धरला तर १२० वॅटचा फ्रीज २०० व्हीए घेतो.

एकदाराचा, २०० लिटरच्या आतबाहेरचा फ्रीज ५०० व्हीएवर आरामात चालतो. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फ वितळवणारा हीटरही असतो. तो कॉम्प्रेसर बंद असताना चालतो, त्यामुळे दोघांची बेरीज करायची नसते, पण पट्टीवरचा मोठा आकडा धरायचा. इथेही बहुधा ५०० व्हीए पुरतो, मात्र वरचा दुपटीचा नियम लावून बघावा. बाटल्यांचा काचेच्या दाराचा कूलर, डीप फ्रीजर आणि साइड-बाय-साइड फ्रीज यांना १ केव्हीए. मोठ्या डीप फ्रीजरचा रेटेड करंट २ अँपिअरच्या वर असेल तर २ केव्हीए.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रीज हळूहळू वेग वाढवत सुरू होतो, त्यामुळे वरचा अर्ध्या सेकंदाचा खड्डा तिथे जवळजवळ नसतोच. अशा फ्रीजच्या माहितीपत्रकात तो किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत स्टॅबिलायझरशिवाय चालतो ते दिलेलं असतं. संध्याकाळचा सर्वांत कमी आणि मध्यरात्रीचा सर्वांत जास्त आकडा मोजा. दोन्ही त्या पट्ट्यात बसत असतील तर स्टॅबिलायझर लावू नका.

हवेच्या कूलरचं गणित निराळं आहे. त्यात कॉम्प्रेसर नाही, नुसता पंखा आणि पाण्याचा पंप, मिळून साधारण १५० ते २५० वॅट. कमी व्होल्टेजला त्याची मोटर जळण्याआधी मंदावते, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होतो. १६० व्होल्टला तो निम्म्याखाली येतो. पंप पाणी वर चढवत नाही, पंखा घुमतो पण वारा येत नाही, असं होत असेल तर ५०० व्हीएचा स्टॅबिलायझर चालेल आणि डिलेची गरज नाही. मात्र कूलर आणि फ्रीज एकाच स्टॅबिलायझरवर जोडू नका. फ्रीज सुरू होतानाच्या झटक्यात कूलरचा भार भर घालतो आणि जो कट टळला असता तोच होतो. ऑटोट्रान्सफॉर्मर घरातल्या लाइनपासून वेगळा केलेला नसतो, म्हणून ओल्या हाताने हाताळल्या जाणाऱ्या कूलरच्या तीन पिनांपैकी अर्थची पिन स्टॅबिलायझरमधून भिंतीतल्या अर्थपर्यंत अखंड जाते का, हेही त्याच वेळी वायरमनकडून तपासून घ्या.